कोपऱ्यातला −3 कुठून आला? कॉम्युटेटर, ट्रेस आणि आयडेंटिटी

प्रश्न: एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. हार्मोनिक ऑसिलेटरचे लॅडर ऑपरेटर पायथॉनमध्ये ४×४ मॅट्रिक्स म्हणून लिहिले. aa† − a†a काढलं तर कर्णावर 1, 1, 1 येतं, पण शेवटी 1 ऐवजी −3. पुस्तकात हा कॉम्युटेटर आयडेंटिटी आहे. मॅथ्सची मैत्रीण म्हणते, आयडेंटिटी कॉम्युटेटर असूच शकत नाही. कोड चुकलाय, पुस्तक की मैत्रीण?

उत्तर:

तिघंही बरोबर आहेत. मैत्रीण ठरावीक आकाराच्या मॅट्रिक्सबद्दल बोलतेय, पुस्तक अनंत ओळी आणि अनंत स्तंभ असलेल्या मॅट्रिक्सबद्दल. कोडने पुस्तकातल्या मॅट्रिक्सचा वरचा डावा तुकडा कापून घेतला, आणि कापल्या क्षणी त्याला मैत्रिणीचा नियम लागू झाला. तो −3 म्हणजे त्या नियमाने वसूल केलेली रक्कम आहे. तो अगदी −3 च का, −2.9 का नाही, आणि नेमका शेवटच्या कोपऱ्यातच का, हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

आधी एक अट सांगून ठेवतो. "आयडेंटिटी कॉम्युटेटर असू शकत नाही" हे वाक्य तीन गोष्टींवर अवलंबून आहे: मॅट्रिक्सचा आकार मर्यादित आहे का, आतले आकडे कुठल्या संख्यांमधले आहेत, आणि आकार अनंत असेल तर ऑपरेटर 'बाउंडेड' आहेत का, म्हणजे कुठल्याही व्हेक्टरची लांबी ते एका ठरलेल्या पटीपेक्षा जास्त वाढवत नाहीत ना. वास्तव किंवा कॉम्प्लेक्स संख्यांचं n×n मॅट्रिक्स असेल तर वाक्य निरपवाद खरं आहे. बाकीच्यांकडे पुढे येतो.

सुरुवात ट्रेसपासून करू. ट्रेस म्हणजे मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज. बहुतेक पुस्तकं दोन सिग्मा लिहून त्यांची अदलाबदल करतात आणि दोन ओळींत tr(AB) = tr(BA) दाखवून मोकळी होतात. सिद्धता बरोबरच असते, पण त्यातून −3 कधीच दिसत नाही. म्हणून वर्गात मी आधी आकडे घेऊन करायला लावतो. समजा A च्या ओळी (1, 2) आणि (3, 4), आणि B च्या ओळी (0, 1) आणि (5, 2).

```
AB = 10   5      BA =  3   4      AB − BA = 7   1
     20  11           11  18                9  −7
```

दोन्ही गुणाकारांचा ट्रेस २१ आहे. पण कर्णावरचे सुटे आकडे बघा: एकीकडे 10 आणि 11, दुसरीकडे 3 आणि 18. एकेक आकडा जुळत नाही, बेरीज मात्र जुळते. याचं कारण AB च्या कर्णावर जे चार सुटे गुणाकार येतात, तेच चार BA च्या कर्णावरही येतात. फक्त ते वेगळ्या जागी बसतात. AB मध्ये पहिल्या जागेवर a₁₁b₁₁ + a₁₂b₂₁ आहे. BA मध्ये a₁₁b₁₁ पहिल्या जागेवरच राहतो, पण a₁₂b₂₁ हा तुकडा दुसऱ्या जागेवर जातो आणि त्याच्या बदल्यात a₂₁b₁₂ पहिल्या जागेवर येतो. आपल्या उदाहरणात a₁₂b₂₁ = 10 आणि a₂₁b₁₂ = 3, त्यांच्यातला फरक 7. म्हणून कॉम्युटेटरच्या कर्णावर पहिल्या जागी +7 आणि दुसऱ्या जागी −7. (जाता जाता: tr(A)·tr(B) इथे 5 × 2 = 10 येतो, २१ नाही. गुणाकाराचा ट्रेस म्हणजे ट्रेसचा गुणाकार नव्हे, तरी दर वर्षी कोणीतरी तसं लिहितंच.)

आता हेच मोठ्या आकारासाठी. i आणि j या दोन जागांची एक जोडी घ्या आणि लिहा

t_ij = a_ij b_ji − a_ji b_ij

i आणि j ची अदलाबदल केली की t चं चिन्ह उलटतं: t_ji = −t_ij. आणि AB − BA च्या कर्णावरचा i क्रमांकाचा आकडा म्हणजे सगळ्या j साठी t_ij ची बेरीज. याकडे हॉस्टेलच्या खोलीतल्या उधारीच्या वहीसारखं बघा. t_ij म्हणजे j कडून i कडे गेलेले पैसे. i ला जेवढे मिळाले तेवढेच j चे गेले. कर्णावरचा आकडा म्हणजे महिनाअखेरीस त्या माणसाच्या हातात निव्वळ किती आले ते. बाहेरून पैसे आलेले नाहीत, त्यामुळे सगळ्यांची निव्वळ रक्कम मिळवली की शून्यच येणार. ट्रेस शून्य असण्याचं सगळं गुपित एवढंच.

आयडेंटिटीची मागणी काय आहे? खोलीतल्या प्रत्येकाकडे महिनाअखेरीस बरोबर एक रुपया जास्त हवा. खोलीत n माणसं असतील तर एकूण n रुपये जास्त, आणि ते आणायचे कुठून? tr(I) = n, tr(AB − BA) = 0. झाली सिद्धता. A आणि B कितीही चतुराईने निवडा, कॉम्प्लेक्स आकडे भरा, काहीही करा. आपसातल्या देवघेवीतून एकूण शिल्लक वाढत नाही.

आता तुमचं ४×४. ऑसिलेटरच्या a मध्ये कर्णाच्या लगेच वरच्या रेषेवर √1, √2, √3 असतात, आणि a† मध्ये तेच आकडे कर्णाच्या लगेच खालच्या रेषेवर. बाकी सगळीकडे शून्य. त्यामुळे वहीत फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे व्यवहार उरतात: t₁₂ = √1·√1 = 1, t₂₃ = 2, t₃₄ = 3. दुसऱ्याने पहिल्याला १ रुपया दिला. तिसऱ्याने दुसऱ्याला २ दिले. चौथ्याने तिसऱ्याला ३ दिले. आता निव्वळ बघा. पहिला +1. दुसऱ्याचा १ गेला, २ आले, म्हणजे +1. तिसऱ्याचे २ गेले, ३ आले, तोही +1. चौथ्याचे ३ गेले, आणि त्याला देणारं कोणी नाही. म्हणून −3.

कोपऱ्यातच का, तर रांग तिथे संपते. −3 च का, तर पुढच्या तिघांना मिळून जे तीन रुपये मिळाले ते त्याच्याच खिशातून गेले. तुम्ही N = 100 केलंत तर शेवटी −99 येईल:

```python
import numpy as np
N = 4
a = np.diag(np.sqrt(np.arange(1, N)), 1)
print(np.round(np.diag(a @ a.T - a.T @ a), 10))
# [ 1.  1.  1. -3.]
```

इथे एक गैरसमज हमखास होतो, तो आत्ताच काढून टाकू. आकार वाढवत नेला की उत्तर हळूहळू सुधारतं, ही सवय आपल्याला न्यूमेरिकल पद्धतींनी लावलेली असते. इथे तसं होत नाही. N वाढवल्यावर बरोबर आकड्यांची रांग लांबते हे खरं, पण चूक कमी होण्याऐवजी वाढतच जाते आणि सगळीच्या सगळी एका जागी साचते. ही राउंड-ऑफची चूकही नव्हे. √ च्या जागी अचूक बीजगणित वापरलंत तरी −(N−1) च येणार. "मग दुसरी कुठली मॅट्रिक्स घेऊन आयडेंटिटीच्या निदान जवळ तरी जाता येईल का?" असं तुम्ही विचाराल, तर त्याचंही उत्तर ट्रेसच देतो. AB − BA − I चा ट्रेस कायम −n असतो, म्हणजे त्याच्या कर्णावरच्या n आकड्यांची सरासरी −1. सरासरी −1 असेल तर निदान एका जागी तरी चूक १ किंवा त्याहून मोठी असणारच. आणि A = B = 0 घेतलं तर चूक प्रत्येक जागी बरोबर १ असते. म्हणजे सगळ्यात मोठी चूक मोजायची झाली तर काहीच न करणं हाच उत्तम अंदाज ठरतो! चूक टाळता येत नाही. ती कुठे साचू द्यायची एवढंच आपल्या हातात असतं. ऑसिलेटरची मॅट्रिक्स ती शेवटच्या कोपऱ्यात साचवतात, आणि कामाच्या दृष्टीने ती जागा सोयीची आहे.

उलट दिशेनेही एक स्वाभाविक प्रश्न येतो: ट्रेस शून्य असलेलं प्रत्येक मॅट्रिक्स कॉम्युटेटर असतं का? असतं. शोदा या जपानी गणितज्ञाने १९३६ मध्ये हे दाखवलं. वास्तव किंवा कॉम्प्लेक्स आकड्यांसाठी त्यातली मुख्य युक्ती छोटी आहे. ट्रेस शून्य असेल तर बेसिस बदलून मॅट्रिक्सचा सगळा कर्ण शून्य करता येतो. हे इथे गृहीत धरतो, पण इंडक्शनने करून बघण्यासारखं आहे. तसं केल्यावर जे C मिळेल त्याच्यासाठी A म्हणून कर्णावर 1, 2, …, n असलेलं मॅट्रिक्स घ्या. अशा A साठी AB − BA चा (i, j) आकडा (i − j)b_ij एवढाच असतो. मग b_ij = c_ij / (i − j) घेतलं की काम झालं; i = j असताना भागाकाराचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे c_ii शून्य आहे. तेव्हा मर्यादित आकारात ट्रेस हा एकच अडथळा आहे. तो पार केला की दुसरा कुठला नाही.

आता पुस्तकाकडे. १९२५ मध्ये हायझेनबर्गच्या कल्पनेवरून बोर्न आणि जॉर्डन यांनी स्थान आणि संवेग यांना मॅट्रिक्स मानलं आणि आजच्या चिन्हांत xp − px = iħI हा संबंध लिहिला. तुमचा aa† − a†a = I हा त्याचाच दुसरा चेहरा आहे: ħ = 1 धरून x = (a + a†)/√2 आणि p = (a − a†)/(i√2) घेतलं की xp − px = i(aa† − a†a) येतं. हे शेवटचं समीकरण तुमच्या कापलेल्या ४×४ मध्येही तंतोतंत खरं आहे, म्हणून x आणि p बनवून बघितलंत तर कर्णावर i, i, i, −3i दिसेल.

अनंत रांगेत काय होतं ते वहीच सांगते. चौथ्याने तिसऱ्याला ३ दिले, पण आता त्याला पाचवा ४ देतो. पाचव्याला सहावा ५ देतो. शेवटचा माणूसच नाही, त्यामुळे बिल कोणाच्याच माथी बसत नाही आणि प्रत्येकाच्या हातात खरोखरच एक रुपया जास्त उरतो. मग "एकूण बेरीज शून्य" या नियमाचं काय झालं? त्या बेरजेला अर्थच राहिला नाही. अनंत aa† च्या कर्णावर 1, 2, 3, … आहेत आणि a†a च्या कर्णावर 0, 1, 2, …. दोन्हींचा ट्रेस अनंत. अनंतातून अनंत वजा करून शून्य आलं असं म्हणता येत नाही, आणि सिद्धता नेमकी त्याच वजाबाकीवर उभी होती.

√ नको असतील तर हेच चित्र अधिक साध्या जागी दिसतं. बहुपदी घ्या. D म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, X म्हणजे x ने गुणणं. गुणाकाराच्या नियमाने (x f)′ − x f′ = f, म्हणजे DX − XD = I, सगळ्या बहुपदींवर. बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये आयडेंटिटी कॉम्युटेटर होऊन समोर उभी असते, आपण तिला त्या नावाने ओळखत नाही एवढंच. आता फक्त 1, x, x² एवढ्यावर थांबा. x ने गुणल्यावर x² चं x³ होतं आणि ते आपल्या खोलीबाहेर जातं, म्हणून त्याला शून्य धरावं लागतं. मग DX च्या कर्णावर 1, 2, 0 येतात, XD च्या कर्णावर 0, 1, 2, आणि फरक 1, 1, −2. तुमच्याच −3 चा धाकटा भाऊ.

याच तीन आकड्यांवर सुरुवातीला सांगितलेली दुसरी अट दिसते. आकडे मोड्युलो ३ मोजायचे ठरवा, म्हणजे 3 = 0 असलेलं 0, 1, 2 एवढंच जग. तिथे −2 = 1. मग 1, 1, −2 म्हणजेच 1, 1, 1, आणि DX − XD हे ३×३ मॅट्रिक्स चक्क आयडेंटिटी आहे! ट्रेसचा नियम इथेही मोडलेला नाही, कॉम्युटेटरचा ट्रेस शून्यच आहे. फक्त या जगात आयडेंटिटीचा ट्रेसही 1 + 1 + 1 = 0 आहे, म्हणून विसंगती उरत नाही. मैत्रिणीची सिद्धता "n हा शून्य नाही" या न बोललेल्या वाक्यावर टेकलेली असते. वास्तव संख्यांत ते उघड असतं म्हणून कोणी लिहीत नाही. तिला हे उदाहरण दाखवा, आवडेल.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, ट्रेसची बेरीज संपत असेल आणि n शून्य नसेल तर आयडेंटिटी मिळत नाही. अनंत आकार पहिली गोष्ट मोडतो, मोड्युलो ३ सारखी मोजणी दुसरी.

पण "आकार अनंत केला की झालं" असं समजून पुढे जाऊ नका. वहीत पुन्हा बघा: व्यवहाराच्या रकमा 1, 2, 3, 4, … अशा वाढतच जातात. हा योगायोग नाही. पहिल्या N जणांना मिळून N रुपये जास्त हवेत, आणि ते N च्या पलीकडूनच येणार. व्यवहार फक्त शेजाऱ्यांत असतील तर N आणि N + 1 मधली रक्कम N च असायला हवी. म्हणून a आणि a† मधले आकडे अमर्याद वाढतात. प्रश्न असा, की शेजाऱ्यांपुरतं न राहता पलीकडच्या असंख्य जणांत हा भार वाटून दिला आणि सगळे आकडे आटोक्यात ठेवले तर? तरीही जमत नाही. विंटनरने १९४७ मध्ये दाखवलं की हिल्बर्ट स्पेसवर दोन बाउंडेड ऑपरेटरचा कॉम्युटेटर आयडेंटिटी असू शकत नाही. १९४९ मध्ये वीलांटने याची जी सिद्धता दिली ती इतकी छोटी आहे की इथेच करून टाकू.

समजा AB − BA = I. मग AB² − B²A काढा. मध्ये BAB मिळवून वजा केलं की ते (AB − BA)B + B(AB − BA) होतं, म्हणजे 2B. असंच पुढे गेल्यावर, प्रत्येक n साठी,

ABⁿ − BⁿA = n Bⁿ⁻¹

हे डेरिव्हेटिव्हच्या नियमासारखं दिसतंय, आणि दिसायलाच हवं. A ची भूमिका इथे D ची आहे. आता दोन्ही बाजूंची नॉर्म घ्या. डावी बाजू जास्तीत जास्त 2‖A‖·‖B‖·‖Bⁿ⁻¹‖ असू शकते, उजवी बाजू n‖Bⁿ⁻¹‖ आहे. Bⁿ⁻¹ शून्य नसेल तर त्याने भागून n ≤ 2‖A‖·‖B‖ उरतं. n आपण हवा तेवढा मोठा घेऊ शकतो, उजवी बाजू मात्र एक ठरलेला आकडा आहे. अशक्य. राहिली एकच पळवाट: B चा कुठलातरी घात शून्य असणं. तर ज्याच्यासाठी Bᵏ = 0 असा सगळ्यात लहान k घ्या. वरच्या सूत्रात n = k टाकलं की डावी बाजू शून्य, म्हणून kBᵏ⁻¹ = 0, म्हणजे k सगळ्यात लहान नव्हताच. k = 1 असेल तर हेच सूत्र I = 0 म्हणतं. तीही पळवाट बंद.

या सिद्धतेत ट्रेस कुठेही नाही, हे मला तिच्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मर्यादित मॅट्रिक्सला नॉर्म असतेच, त्यामुळे तुमच्या ४×४ साठी ही दुसरी स्वतंत्र सिद्धता झाली. आणि क्वांटममध्ये x आणि p पैकी निदान एक तरी अनबाउंडेड का असावाच लागतो, याचं कारणही हेच. अनबाउंडेड ऑपरेटर आले की "हा गुणाकार कुठल्या फंक्शनवर चालतो" हा डोमेनचा प्रश्न येतो. पुस्तकातली xp − px = iħI ही ओळ प्रत्येक स्टेटसाठी खरी नसते, जिथे दोन्ही गुणाकारांना अर्थ आहे तिथेच खरी असते. पहिल्या वर्षाला एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आता प्रत्यक्ष कामाचं, कारण तुम्ही हे मॅट्रिक्स नुसतं बघायला बनवलेलं नसणार. त्या कोपऱ्यामुळे खरं नुकसान होतं ते हॅमिल्टोनियन बनवताना. H = (p² + x²)/2 मध्ये कापलेली x आणि p घातली तर ते (aa† + a†a)/2 होतं. N = 4 ला aa† चा कर्ण 1, 2, 3, 0 आणि a†a चा 0, 1, 2, 3, म्हणून ऊर्जा येतात 0.5, 1.5, 2.5 आणि शेवटी 3.5 ऐवजी 1.5. लहान ते मोठ्या क्रमाने लावल्यावर दिसतं 0.5, 1.5, 1.5, 2.5. एका मितीच्या ऑसिलेटरला डीजनरसी नसते, तरी इथे 1.5 दोनदा. विद्यार्थी याचा भौतिक अर्थ शोधत बसतात. तो कोपऱ्याचा भुताटकी लेव्हल आहे. सर्वसाधारण N साठी तो (N − 1)/2 वर बसतो. N सम असेल तर तो एखाद्या खऱ्या लेव्हलच्या बरोबर डोक्यावर येतो आणि डीजनरसीचं सोंग घेतो. N विषम असेल तर दोन लेव्हलच्या मधोमध येतो आणि निदान संशय तरी येतो. ओळखायची खात्रीची रीत म्हणजे N एकने वाढवून पुन्हा चालवणं. खरा लेव्हल जागच्या जागी राहतो, हा अर्ध्याने सरकतो.

उपाय सोपा आहे: आधी मोठ्या आकारात गुणाकार करा, मग कापा. आधी कापून मग गुणू नका.

```python
M = N + 1
b = np.diag(np.sqrt(np.arange(1, M)), 1)
c = (b @ b.T - b.T @ b)[:N, :N]
print(np.round(c, 10))
```

आता c हे अचूक N×N आयडेंटिटी येईल. नियम मोडला असं वाटू देऊ नका. c हा कुठल्याही दोन N×N मॅट्रिक्सचा कॉम्युटेटर नाही; मोठ्या कॉम्युटेटरचा तो कापलेला तुकडा आहे. चार जणांना पाचव्याने चार रुपये दिले, आणि आपण पाचव्याचं पान फाडून टाकलं. b पासून बनलेल्या मोठ्या कॉम्युटेटरच्या कोपऱ्यात −4 आहेच, फक्त तो c मध्ये घेतलेला नाही.

एकने वाढवणं x² आणि p² साठी पुरतं, कारण दोन पावलांच्या वाटेत जास्तीत जास्त एक पायरी वर जाऊन परत येता येतं. x⁴ हवा असेल तर दोन पायऱ्या वर जाता येतं, म्हणून M = N + 2 घ्या; x⁶ ला N + 3. या रीतीने बनवलेला H म्हणजे खऱ्या H चं पहिल्या N स्टेटवरचं अचूक प्रोजेक्शन असतो, त्यामुळे मिळणारी प्रत्येक ऊर्जा खऱ्या ऊर्जेइतकी किंवा तिच्याहून जास्त असते आणि N वाढवल्यावर ती वर जात नाही. आधी कापून गुणलेल्या H ला ही हमी नाही. वरच्या N = 4 मध्ये तिसरी ऊर्जा 1.5 आली होती आणि खरी तिसरी 2.5 आहे, म्हणजे उत्तर खऱ्याच्या खाली घसरलं होतं. पडताळणीसाठी H = p²/2 + x²/2 + 0.1x⁴ घेऊन दोन्ही रीतींनी N वाढवत चालवा. ग्राउंड स्टेट सुमारे 0.559 वर स्थिरावला पाहिजे, आणि नीट कापलेल्या रीतीत तो वरूनच खाली येताना दिसला पाहिजे. कुठल्याही N ला तो 0.559 च्या खाली गेला, तर कुठेतरी गुणाकाराआधी कापलंय असं समजा.